विलीनीकरणानंतर कंपनीचे नाव काय ठेवावे? दोन्हीकडच्या लोकांना आपले वाटावे आणि ग्राहकही बुचकळ्यात पडू नयेत

झडपवाला

नमस्कार. मी भोसरीतील एका मध्यम आकाराच्या कारखान्यात कामकाज सांभाळतो. आम्ही तेल आणि रसायन उद्योगांसाठी व्हॉल्व्ह बनवतो. गेल्या पावसाळ्यात कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीतील एक पंप बनवणारी कंपनी आमच्या कंपनीत विलीन झाली. खरी नावे येथे देत नाही. सोयीसाठी आमच्या कंपनीला ‘भोसरी’ आणि त्यांच्या कंपनीला ‘शिरोली’ म्हणतो. भोसरीत सुमारे 140 माणसे आहेत, शिरोलीत 95, आणि त्यांतले निम्म्याहून अधिक फाउंड्रीत काम करतात.

विलीनीकरणाच्या मंजुरीचा न्यायाधिकरणाचा आदेश हाती आल्यावर आम्ही फार विचार न करता शिरोलीच्या फाटकावर भोसरीच्या नावाचा फलक लावला. त्यांचा जुना पितळी फलक उतरवून कँटीनमध्ये पाण्याच्या पिंपामागे ठेवला होता. खंडेनवमीला मी तेथे गेलो, तेव्हा लेथ आणि ड्रिलिंग मशीनबरोबर त्या फलकालाही झेंडूचा हार घातलेला आणि हळदकुंकू वाहिलेले दिसले. कोणी एक शब्द बोलले नाही, पण जे समजायचे ते मला समजले. दुसरीकडे एका साखर कारखान्याने आमचे बिल दीड महिना अडवून ठेवले, कारण ‘ही कंपनी आमच्या पुरवठादारांच्या यादीत नाही’ असे त्यांच्या लेखा विभागाचे म्हणणे होते.

आता संचालक मंडळापुढे तीन पर्याय आहेत: भोसरीचे नाव तसेच ठेवणे, दोन्ही नावे जोडणे, किंवा अगदी नवे नाव घेणे. ज्यांनी असे काही जवळून पाहिले आहे, त्यांचे अनुभव हवे आहेत.

बे_एके_बे

उत्तर सोपे आहे. दोन्ही नावे जोडावीत. पीव्हीआर आणि आयनॉक्स एकत्र आले आणि पीव्हीआर आयनॉक्स झाले. एल अँड टी इन्फोटेक आणि माइंडट्री मिळून एलटीआयमाइंडट्री झाले. कोणी हरल्यासारखे दिसत नाही आणि ग्राहकाला दोन्ही नावे ओळखीची असतात. पीव्हीआर आयनॉक्सच्या प्रेक्षकांचा एक दिवसही गोंधळ उडाल्याचे ऐकिवात नाही. तुमच्या तिन्ही पर्यायांत हाच न्याय्य आहे.

मुद्रांक

मी कंपनी सचिव म्हणून एकोणीस वर्षे काम केले आहे. बे_एके_बे यांचे उदाहरण बरोबर आहे, पण त्यातून त्यांनी काढलेला निष्कर्ष अर्धाच बरोबर आहे. फेब्रुवारी 2023 मध्ये पीव्हीआर आणि आयनॉक्सचे विलीनीकरण अमलात आले तेव्हा कंपनीचे नाव जोडले गेले, परंतु जी चित्रपटगृहे आधीपासून चालू होती त्यांवरचे पीव्हीआर आणि आयनॉक्सचे फलक तसेच ठेवायचे ठरले. जोडनाव नव्याने उघडणाऱ्या चित्रपटगृहांसाठी होते. प्रेक्षक गोंधळला नाही, कारण त्याच्या कोपऱ्यावरच्या चित्रपटगृहाची पाटी बदललीच नाही. म्हणजे ग्राहकाची सोय जोडनावाने झाली नाही, ती जुन्या पाट्या न काढल्यामुळे झाली.

याचा अर्थ झडपवाला यांचा प्रश्न एक नसून दोन आहेत. कंपनीचे कायदेशीर नाव ही एक गोष्ट आणि मालावर जे नाव असते ती दुसरी. पहिले नाव बिलावर, पगारपत्रकावर आणि फाटकावर असते. दुसरे पंपाच्या अंगावर असते. ही दोन्ही एकाच दिवशी, एकाच ठरावाने बदलायची कोणतीही सक्ती नाही, आणि बहुतेक घोटाळे ती एकत्र बदलल्यामुळे होतात.

सल्ला देण्याआधी मला तीन गोष्टी कळायला हव्यात. विलीनीकरणात कोणती कंपनी टिकली आणि कोणती विसर्जित झाली? विलीनीकरणाच्या योजनेतच नाव बदलण्याचे कलम घातले होते का? आणि शिरोलीच्या पंपांचे नाव ट्रेडमार्क म्हणून नोंदलेले आहे का, असल्यास कोणाच्या नावावर?

झडपवाला

भोसरी टिकली, शिरोली विसर्जित झाली. योजनेत नावाचे कलम नव्हते. त्या वेळी तो विषय कोणाच्या डोक्यातच आला नाही. ट्रेडमार्क नोंदलेला आहे एवढे माहीत आहे, कागद मागवतो.

कृष्णाकाठ

माझ्या वडिलांकडे एका कंपनीचे जुने छापील शेअर आहेत आणि तिचे नाव पुढे बदलले. ते शेअर बाद झाले का? आणि नाव बदलल्यावर राजपत्रात जाहिरात द्यावी लागते ना? आमच्या वहिनींनी लग्नानंतर दिली होती.

मुद्रांक

कृष्णाकाठ, आपला प्रश्न वेगळा आहे, तरी थोडक्यात सांगतो. केवळ नाव बदलल्याने शेअर बाद होत नाहीत. कंपनी तीच असते. ती दुसऱ्या कंपनीत विलीन झाली असेल, तर मात्र किती शेअरना किती मिळाले ते प्रमाण पाहावे लागते आणि त्यासाठी कंपनीच्या निबंधकाकडे, म्हणजे शेअरची नोंद ठेवणाऱ्या संस्थेकडे, लिहावे. राजपत्रातली जाहिरात व्यक्तीच्या नावासाठी असते. कंपनीला सरकारच्या कंपनी निबंधकांकडून नवे प्रमाणपत्र मिळते आणि तोच तिचा पुरावा. वडिलांच्या शेअरसाठी स्वतंत्र धागा काढावा, तेथे मी उत्तर देईन.

आता मूळ विषयाकडे. योजनेत कलम घातले असते तर योजनेला मिळालेली भागधारकांची मंजुरीच नावासाठी धरता आली असती. ती संधी गेली. आता नेहमीचा मार्ग घ्यावा लागेल: आधी कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर नाव आरक्षित करायचे, ते मिळाल्यावर 60 दिवस राखून ठेवले जाते, त्या अवधीत तीन चतुर्थांश मतांनी विशेष ठराव करायचा, तो 30 दिवसांत दाखल करायचा आणि आयएनसी-24 हा अर्ज भरायचा. नवे प्रमाणपत्र आले की त्या तारखेपासून नाव बदलले. कंपनीचा नोंदणी क्रमांक, पॅन आणि जीएसटी क्रमांक यांपैकी काहीही बदलत नाही. फक्त त्यांच्यापुढचे नाव दुरुस्त करून घ्यायचे, आणि जीएसटीला ते 15 दिवसांत कळवायचे.

येथेच दोन बाजूंमधला फरक लक्षात घ्यावा, कारण तुमच्या साखर कारखान्याचे बिल याच फरकापायी अडले. भोसरीच्या ग्राहकासाठी उद्या केवळ नाव बदलेल. शिरोलीच्या ग्राहकासाठी मात्र विलीनीकरणाच्या दिवशीच नाव, पॅन, जीएसटी क्रमांक आणि बँक खाते असे सगळे एका झटक्यात बदलले, कारण त्याला माल विकणारी कंपनी उरलीच नाही. आता तुम्ही तिसरे नाव आणले, तर भोसरीचा ग्राहक एकदा बदल सोसेल आणि शिरोलीचा ग्राहक एका वर्षात दोनदा. समानतेच्या नावाखाली ओझे मात्र एकाच बाजूवर पडेल.

खरेदीखाते

मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसतो. एका खत कारखान्याच्या खरेदी विभागात अकरा वर्षे आहे आणि पुरवठादारांची नोंदवही माझ्याकडे असते. आमच्याकडे असे पत्र आले की काय होते, ते सांगतो.

‘आम्हाला कळवण्यास अत्यंत आनंद होतो की आमची कंपनी आता नव्या नावाने...’ अशी सुरुवात असते, बोधचिन्हाचा अर्थ समजावणारी दोन पाने असतात आणि शेवटच्या ओळीत नवा बँक खाते क्रमांक असतो. आमच्या दृष्टीने हे पत्र फसवणुकीच्या पत्रासारखे हुबेहूब दिसते, कारण पुरवठादाराच्या नावाने खोटे पत्र पाठवून खाते बदलून घेणे हा ठगांचा ठरलेला मार्ग आहे. त्यामुळे आम्ही पैसे थांबवतो, जुन्या फायलीतल्या क्रमांकावर फोन करतो, नव्या खात्यात एक रुपया पाठवून खातेदाराचे नाव जुळते का ते पाहतो, आणि मगच नोंद बदलतो. फोन उचलणाऱ्याला काही माहीत नसेल, तर प्रकरण आणखी महिनाभर लांबते.

तेव्हा माझी विनंती अशी की नाव कोणतेही ठेवा, पण खाते त्याच पत्रात बदलू नका. शक्य असेल तर शिरोलीचे जुने खाते काही महिने चालू ठेवा आणि त्यात येणारी रक्कम नव्या कंपनीकडे वळती होईल, अशी व्यवस्था बँकेकडून करून घ्या. पत्रात आनंद कमी आणि तक्ता जास्त असावा: डावीकडे जुने, उजवीकडे नवे, आणि जे बदलले नाही त्यापुढे ‘बदल नाही’ असे स्पष्ट लिहिलेले. सोबत न्यायाधिकरणाच्या आदेशाची प्रत जोडा. पत्र पाठवण्याआधी तुमच्या दोन्हीकडच्या फोनवर बसणाऱ्यांना ते वाचून दाखवा.

आणखी एक गोष्ट व्हॉल्व्हबद्दल. ऑर्डर एका नावावर असेल, दाबचाचणीचे प्रमाणपत्र दुसऱ्या नावावर असेल आणि व्हॉल्व्हवरच्या पट्टीवर तिसरेच नाव असेल, तर आमचा तपासनीस माल उचलू देत नाही. यात त्याची चूक नाही. ज्या ऑर्डर आधीच कारखान्यात चालू आहेत, त्या जुन्या नावानेच पूर्ण कराव्यात की सुधारित ऑर्डर घ्यावी, हे प्रत्येक ग्राहकाशी आधी बोलून ठरवावे.

ओतकाम

मी शिरोलीचा नाही, पण त्याच पट्ट्यातला आहे आणि फाउंड्रीत वय गेले. संचालक मंडळातल्या कोणालाही सुचणार नाही अशी एक बाब सांगतो.

पंपाच्या अंगावर नाव रंगवलेले नसते, ते ओतलेले असते. पॅटर्नवर उलटी नव्हे, सुलटीच उठावाची अक्षरे बसवलेली असतात. वाळूत त्यांचा ठसा उमटतो आणि लोखंड ओतले की नाव बाहेर येते. शेतकरी तेच नाव ओळखतो. विहिरीवर दहा वर्षे चिखलात राहिल्यावर रंग जातो, पट्टी गंजते, पण ओतीव अक्षरे हाताला लागतात. इंपेलर झिजला, सील गेले, की तो मोटार दुरुस्तीवाल्याकडे जाऊन तेच नाव उच्चारतो. दुकानदार फळीवरून तोच खोका काढतो.

तुम्ही नाव बदलले की प्रत्येक मापाचा पॅटर्न काढून त्यावरची अक्षरपट्टी बदलावी लागते. अक्षरपट्टी स्क्रूने बसवलेली असेल तर काम सोपे. अंगाचीच कोरलेली असेल, तर पॅटर्न खरवडून पुन्हा बांधावा लागतो आणि त्यात मापे बिघडण्याची भीती असते. शिवाय गोदामात ओतून पडलेला माल असतोच. तो जुन्या नावाचा माल पुढची दोन-चार वर्षे बाजारात राहणार. आयएसआय चिन्ह असेल तर तो परवानाही एका नावाला आणि एका पत्त्याला दिलेला असतो, त्यामुळे भारतीय मानक ब्युरोला कळवून परवान्यावर नाव बदलून घ्यावे लागते. ते होण्याआधी नव्या नावाने चिन्ह छापू नका.

माझे मत विचाराल तर पंपावरच्या नावाला हात लावू नये. कंपनीचे नाव बिलावर काय आहे, याच्याशी शेतकऱ्याला कर्तव्य नाही.

बे_एके_बे

मान्य, मालावरचे नाव राहू द्यावे. पण कंपनीच्या नावात तरी दोघे दिसायला नकोत का? ‘व्ही’ आणि ‘आय’ घेऊन व्होडाफोन आयडियाने दोन अक्षरांत दोघांना बसवले. तसे आद्याक्षरांचे नाव करावे. उच्चारायलाही सोपे.

मुद्रांक

तेही नाव घाईत आले नव्हते. विलीनीकरण ऑगस्ट 2018 च्या अखेरीस पूर्ण झाले आणि ‘व्ही’ हे नाव सप्टेंबर 2020 मध्ये बाजारात आले. मधली दोन वर्षे दोन्ही नावे आपापल्या ग्राहकांपुढे चालू होती. आणि आजही किती जण ते ‘वी’ म्हणतात, किती ‘व्ही’ आणि किती ‘व्हीआय’, हे आपल्या घरातच विचारून पाहावे.

हा गमतीचा भाग नाही. कंपनी कायद्याप्रमाणे प्रत्येक कार्यालयाबाहेरच्या फलकावर कंपनीचे नाव स्थानिक भाषेच्या लिपीतही असावे लागते. इंग्रजी आद्याक्षरे किंवा बनवलेला शब्द देवनागरीत कसा लिहिणार, हे आधी ठरवावे. मी एका ठिकाणी असे पाहिले आहे की पुण्याच्या फलकावर ऱ्हस्व, नाशिकच्या फलकावर दीर्घ आणि चलनावर तिसरेच. उमेदवार नाव दोन्हीकडच्या तीन-तीन माणसांना फोनवर एकदाच सांगून लिहून घ्यावे. सहा कागदांवर सहा तऱ्हा निघाल्या, तर ते नाव सोडून द्यावे.

दूरदेशी

मी ह्यूस्टनला राहतो. कॉन्टिनेंटल ही या शहराची घरची विमान कंपनी होती. 2010 मध्ये ती आणि युनायटेड एकत्र आल्या तेव्हा नाव युनायटेडचे ठेवले आणि शेपटीवरचे गोलाचे चिन्ह कॉन्टिनेंटलचे. कागदावर वाटणी सुंदर होती. पण मुख्यालय शिकागोला राहिले, आणि येथल्या माझ्या शेजाऱ्यांच्या बोलण्यात गोलाचा विषय कधीच आला नाही. मुख्यालय गेल्याचा मात्र दर दिवाळीला येतो. त्यामुळे अक्षरांच्या वाटणीतून आपलेपणा येतो, यावर माझा फारसा विश्वास नाही.

सांजवात

मी मनुष्यबळ विभागात होते आणि दूरदेशींशी बऱ्याच अंशी सहमत आहे, पूर्णपणे नाही. आमच्याकडेही एक छोटी कंपनी मोठीत विलीन झाली होती. छोट्या कंपनीतील लोक नव्या नावाला कडाडून विरोध करत होते, आणि आम्ही ते भावनिक समजून सहली आणि स्नेहभोजने घडवत बसलो. शेवटी एका वयस्क फिटरने मला बाजूला घेऊन विचारले, ‘मॅडम, नवीन कंपनी म्हणजे माझी बावीस वर्षं गेली का?’ त्यांना वाटत होते की नाव बदलले म्हणजे नोकरी नव्याने सुरू झाली, ग्रॅच्युइटी शून्यापासून मोजणार. अशी समजूत सगळ्या विभागात पसरली होती आणि कोणीही ती लेखी विचारत नव्हते.

त्यानंतर आम्ही प्रत्येकाला मराठीत एक पानाचे पत्र दिले: आपली मूळ रुजू तारीख अमुक, सेवा अखंड धरली आहे, भविष्यनिर्वाह निधीचे खाते अमुक. नावावरचा विरोध निम्म्यावर आला. झडपवाला, शिरोलीत असे पत्र दिले आहे का? विलीनीकरणाच्या योजनेत सेवा अखंड असल्याचे कलम बहुधा असतेच, पण ते इंग्रजीत असते आणि पानांच्या ढिगात असते.

उरलेला विरोध मात्र खरोखर मानाचा होता, तो पत्राने गेला नाही.

झडपवाला

सांजवात, नाही, असे पत्र दिलेले नाही. उद्याच हाती घेतो. आणि मुद्रांक, ट्रेडमार्कचे कागद आले. आमच्या पायाखालची जमीन सरकली आहे. शिरोलीच्या पंपांचे नाव कंपनीच्या नावावर नोंदलेलेच नाही. ते संस्थापकांच्या वैयक्तिक नावावर आहे. त्या वेळी कंपनी भागीदारीत होती आणि त्यांनी स्वतःच अर्ज केला होता. ते आता निवृत्त आहेत, विलीनीकरणाच्या वेळी त्यांना शेअर मिळाले, पण या नावाबद्दल कोणी बोलले नाही.

मुद्रांक

ही स्थिती जितकी वाटते तितकी दुर्मीळ नाही. घरगुती कंपन्यांमध्ये मी ती वारंवार पाहिली आहे. विलीनीकरणाने शिरोली कंपनीची मालमत्ता तुमच्याकडे आली. जे तिचे नव्हतेच ते येऊ शकत नाही. आज तुम्ही ते नाव त्यांच्या अबोल संमतीवर वापरत आहात. त्यांच्याकडून लेखी हस्तांतरण करून घ्यावे, त्यावर मुद्रांक शुल्क भरावे आणि मग ट्रेडमार्क नोंदवहीत मालक बदलून घ्यावा. हे होईपर्यंत संचालक मंडळाने नावाचा कोणताही निर्णय जाहीर करू नये. जोडनावात त्यांचा शब्द घातलात आणि ते उद्या नाही म्हणाले, तर कंपनीचे नावच अडचणीत येईल, कारण दुसऱ्याच्या नोंदलेल्या ट्रेडमार्कशी जुळणारे नाव त्याच्या संमतीशिवाय मिळत नाही.

आता ओतकाम यांच्या सूचनेला कायद्याचीही जोड आहे. नोंदलेले नाव सलग पाच वर्षांहून अधिक काळ वापरलेच नाही, तर ते काढून टाकण्यासाठी दुसरा कोणी अर्ज करू शकतो. कंपनीचे सोडून दिलेले नावही कायम बंद राहत नाही. बदलानंतर तीन वर्षे ते कोणाला देत नाहीत, पुढे मागणाऱ्याला मिळू शकते. शिरोलीचे नाव पंपावर चालू राहिले, तर कामगारांचा मानही राहील आणि ते एखाद्या स्पर्धकाच्या हाती जाण्याचा धोकाही टळेल.

आणखी एक खोच आहे, ती आत्ताच सांगून ठेवतो. नाव बदलल्यावर दोन वर्षे फलकावर आणि पत्रांवर नव्या नावासोबत जुने नाव छापणे कायद्याने बंधनकारक आहे. पण कंपनीचे ‘जुने नाव’ म्हणजे भोसरीचे नाव. शिरोली ही स्वतंत्र कंपनी होती, ती विसर्जित झाली. तिचे नाव या कंपनीचे कधीच नव्हते. त्यामुळे तुम्ही नुसता कायदा पाळलात, तर शिरोलीच्या फाटकावर ‘नवे नाव, पूर्वीचे नाव भोसरी’ एवढेच दिसेल. ज्यांनी पिंपामागच्या फलकाला हार घातला, त्यांना ते कसे वाटेल याची कल्पना करा. ‘यात शिरोली कंपनी अमुक तारखेस विलीन झाली’ अशी ओळ स्वेच्छेने घालायला कोणाचीही मनाई नाही. फक्त ती ‘पूर्वीचे नाव’ म्हणून छापू नये, कारण ते खरे नाही.

खरेदीखाते

ही ओळ आम्हालाही उपयोगी पडेल. बिलावर ती असती, तर साखर कारखान्याच्या कारकुनाला फोन करावा लागला नसता. विस्तारा नोव्हेंबर 2024 मध्ये एअर इंडियात विलीन झाली तेव्हा तिच्या विमानांच्या क्रमांकाआधी 2 हा आकडा लावला होता, म्हणजे नेहमीच्या प्रवाशाला आपले विमान कोणते ते ओळखू यावे. तुमच्या पंपांच्या मॉडेल क्रमांकांचेही तसेच करा. नव्या पद्धतीत बसवायचेच असतील, तर पुढे एक आकडा लावा, जुना क्रमांक मोडू नका.

ओतकाम

एकदम पटले. सुटे भाग त्याच क्रमांकावर मागवले जातात.

बे_एके_बे

माझा जोडनावाचा आग्रह मी सोडतो, पण एक शंका राहते. मालावर जुनी नावे, बिलावर नवे नाव, असे केले तर नवे नाव कोणाला माहीतच होणार नाही. मग ते घ्यायचे तरी कशाला? भोसरीचेच नाव राहू द्यावे, म्हणजे शिरोलीच्या ग्राहकावर दुसऱ्यांदा बदलाचे ओझेही पडणार नाही.

सांजवात

ग्राहकाच्या बाजूने आपले म्हणणे बिनतोड आहे. पण पगारपत्रक ग्राहक वाचत नाही, ते शिरोलीतली 95 घरे दर महिन्याला वाचतात. त्यांच्यासाठी भोसरीचे नाव म्हणजे ‘आपल्याला विकत घेतले’ याची दरमहा पावती असते. नवे नाव कोणालाच माहीत नसेल तर बिघडत नाही, उलट ते दोघांनाही सारखेच परके असते.

मुद्रांक

येथे माझे आणि बे_एके_बे यांचे प्रथमच एकमत होण्याच्या बेतात आहे. नवे नाव घ्यायचे असेल, तर किमान एक आर्थिक वर्ष जाऊ द्यावे. शिरोलीच्या ग्राहकांच्या नोंदवहीत पॅन, जीएसटी आणि खाते नीट बसू द्यावे. त्यानंतर 1 एप्रिलला नाव बदलले, तर बिलांच्या मालिका, वार्षिक दरकरार आणि पुरवठादार नोंदणीचे नूतनीकरण या सगळ्यांना एकच तारीख मिळते. सांजवात म्हणतील की शिरोलीच्या लोकांना तोवर थांबवणे योग्य नाही, आणि त्या चूक आहेत असे मी म्हणू शकत नाही.

सांजवात

मी तेच म्हणणार होते. एक वर्ष फार आहे. तोवर माणसे सोडून जातात, आणि जाणारी बहुधा कसबी असतात.

झडपवाला

सर्वांचे आभार. तीन आठवड्यांनंतर लिहीत आहे, म्हणून जे झाले ते सांगतो.

रुजू तारखेची पत्रे शिरोलीत वाटली. चार पत्रांतल्या तारखा चुकल्या होत्या, त्या दुरुस्त करून दिल्या. त्या चौघांनी आपली मूळ नेमणूकपत्रे प्लास्टिकच्या पिशवीतून जपून आणली होती. ग्राहकांसाठी खरेदीखाते यांनी सुचवल्याप्रमाणे एक पानाचा तक्ता तयार केला आणि बँकेशी बोलून जुन्या खात्याची मुदत वाढवून घेतली. साखर कारखान्याचे पैसे आले.

शिरोलीचा पितळी फलक पुन्हा लावला आहे, मात्र फाटकावर नाही, फाउंड्रीच्या दारावर; मुद्रांक यांच्या मते विसर्जित कंपनीचे नाव फाटकावर ठेवल्यास तीच कंपनी अजून व्यवसाय करते असा समज होऊ शकतो. फाटकावरच्या फलकाखाली विलीनीकरणाची ओळ घातली आहे.

पंपावरचे आणि व्हॉल्व्हवरचे नाव बदलणार नाही, यावर मंडळात एकमत झाले. कंपनीच्या नावावर झाले नाही. दोन्हीकडची तीन-तीन माणसे घेऊन समिती केली आहे. त्यांनी निवडलेल्या अकरा नावांपैकी सात निबंधकांकडच्या आणि ट्रेडमार्कच्या शोधातच गळाली. ट्रेडमार्क नोंदणीत पंप सातव्या वर्गात आणि आमचे काही धातूचे व्हॉल्व्ह सहाव्या वर्गात येत असल्यामुळे दोन्हीकडे पाहावे लागले. उरलेल्या चारांपैकी दोन फोनवरच्या परीक्षेत गेली. तारीख 1 एप्रिल असावी की दिवाळीच्या आधीची, यावर भोसरी आणि शिरोली असे उघड दोन तट आहेत.

संस्थापकांना भेटायला मी स्वतः गेलो होतो. त्यांनी चहा दिला, कागद वाचला आणि सही केली नाही. पैसे नकोत म्हणाले. पंपावरचे नाव त्यांच्या आईचे आहे, हे आम्हाला तेव्हा कळले. ते नाव पंपाखेरीज दुसऱ्या कशावर घालणार नाही आणि त्यांच्या हयातीत बंद करणार नाही, असे करारात लिहून द्यायला ते सांगत आहेत. पहिली अट आम्हाला मान्य आहे. दुसरीबद्दल आमचे वकील आढेवेढे घेत आहेत.

पॅटर्न शॉपमधले मिस्त्री काल विचारत होते की नव्या मापाच्या पंपासाठी अक्षरपट्टी कोरायला घेऊ का. त्यांना जुन्याच नावाची, आणि स्क्रूने बसणारी कोरायला सांगितली आहे.